पॉवर भरपूर, तरी लिंक चालत नाही: क्रोमॅटिक डिस्पर्शनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या लिंकवर २.५ जी वर्षानुवर्षं चाललं. त्याच फायबरवर १० जी टाकलं तर एररचा पाऊस. पॉवर तर उत्तम येतेय. मग गडबड कुठे आहे?

हा प्रश्न इतक्यांदा येतो, की पानाची सुरुवात त्यानेच करतो. बहुतेक वेळा उत्तर एकच निघतं: पल्स पसरतोय. प्रकाश पोचतोय, पुरेसा पोचतोय, पण ज्या आकारात निघाला त्या आकारात पोचत नाही. एका बिटचा प्रकाश शेजारच्या बिटच्या जागेत सांडतो आणि रिसीव्हरला शून्य कुठलं, एक कुठला, हे कळेनासं होतं.

लिंक आखताना दोन वेगळे हिशेब करावे लागतात. एक पॉवरचा, जो सगळे करतात. दुसरा डिस्पर्शनचा, जो २.५ जीपर्यंत कुणी केला नाही तरी खपून जायचं. १० जीला तो खपत नाही. पहिल्या खात्यात कितीही शिल्लक असली, तरी दुसऱ्या खात्यातला खड्डा तिने बुजत नाही, म्हणून ॲम्प्लिफायर वाढवून हा प्रश्न सुटत नाही.

डिस्पर्शन म्हणजे शाळेत शिकलो ते प्रिझमचं अपस्करणच ना?

तेच. काचेत प्रत्येक रंगाचा वेग थोडा वेगळा असतो, म्हणून प्रिझममधून रंग वेगळे होतात. फायबरमध्ये ते वेगळ्या दिशांना जाऊ शकत नाहीत, कारण वाट एकच आहे. त्यामुळे ते वेगळ्या वेळी पोचतात.

पंधरा ऑगस्टची प्रभातफेरी आठवा. शाळेच्या फाटकातून प्रत्येक वर्ग नीट रांगेत, मध्ये अंतर राखून निघतो. दोन चौक ओलांडेपर्यंत सातवीची भराभर चालणारी पोरं पुढच्या आठवीत घुसलेली असतात आणि रेंगाळणारी मागच्या सहावीत मिसळलेली असतात. एकही मूल हरवलेलं नसतं, पण कोणता वर्ग कुठे संपतो ते सांगता येत नाही. फायबरमध्ये हरवणं म्हणजे लॉस आणि मिसळणं म्हणजे डिस्पर्शन.

पण सिंगल मोड फायबर तर डिस्पर्शन टाळण्यासाठीच असतं, असं शिकलो होतो.

ते मोडल डिस्पर्शन. मल्टिमोडमध्ये प्रकाशाला अनेक वाटा असतात, काही सरळ तर काही नागमोडी, आणि त्यामुळे पल्स फार लवकर पसरतो. सिंगल मोडमध्ये वाट एकच उरते आणि ती भानगड मिटते. राहतं ते रंगांमुळे होणारं पसरणं, आणि ते दोन कारणांनी होतं. काचेचा अपवर्तनांक तरंगलांबीबरोबर बदलतो, हे पहिलं. प्रकाशाचा काही भाग कोअरच्या बाहेर क्लॅडिंगमध्ये चालतो आणि तो भाग किती, हेही तरंगलांबीवर ठरतं, हे दुसरं.

नेहमीच्या जी.६५२ फायबरमध्ये ही दोन कारणं १३१० नॅनोमीटरच्या आसपास एकमेकांना पुसून टाकतात आणि डिस्पर्शन शून्य होतं. १५५०ला मात्र पहिलं कारण वरचढ ठरतं. तिथे आकडा येतो प्रति किलोमीटर, प्रति नॅनोमीटर साधारण १७ पिकोसेकंद. म्हणजे तरंगलांबीत एक नॅनोमीटरचा फरक असलेले दोन किरण एकत्र सोडले, तर किलोमीटरभराने त्यांच्यात १७ पिकोसेकंदांचं अंतर पडतं. १५५०च्या पट्ट्यात लांब तरंगलांबी मागे राहते आणि आखूड पुढे जाते. हे लक्षात ठेवा, पुढे चर्पच्या प्रश्नात लागेल.

माझा लेसर एकाच तरंगलांबीचा आहे. मग त्याचा प्रकाश पसरेल कसा?

खऱ्या अर्थाने एकाच तरंगलांबीचा लेसर कुठेच नसतो, आणि असला तरी तुम्ही त्याच्यावर डेटा चढवला की तो तसा राहत नाही. प्रकाश चालू-बंद करणं म्हणजेच त्याचा वर्णपट रुंद करणं. १० जीने मॉड्युलेट केलेला सिग्नल ढोबळमानाने १० गिगाहर्ट्झ रुंद होतो. १५५० नॅनोमीटरला १०० गिगाहर्ट्झ म्हणजे ०.८ नॅनोमीटर, त्यामुळे १० गिगाहर्ट्झ म्हणजे ०.०८ नॅनोमीटर. लेसर कितीही भारी घ्या, ही रुंदी डेटाचीच असल्यामुळे टळत नाही.

स्वस्त फॅब्री-पेरो लेसरची गोष्ट वेगळी. तो मुळातच काही नॅनोमीटर रुंद असतो. समजा ३ नॅनोमीटर. १५५०ला नुसत्या १० किलोमीटरवर १७ × १० × ३ म्हणजे ५१० पिकोसेकंदांचं पसरणं होतं, आणि २.५ जीचा अख्खा बिटच ४०० पिकोसेकंदांचा असतो. असे लेसर १३१०ला का वापरतात, ते यावरून कळेल. लांबच्या लिंकसाठी डीएफबी लेसर लागतो, तो याच कारणाने.

हिशेब कसा करायचा? एखादं पूर्ण उदाहरण द्या.

सूत्र एका ओळीचं आहे:

```
Δt = D × L × Δλ
```

उदाहरणाला सातारा–कोल्हापूर घेऊ. रस्त्याने हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. पण फायबर रस्त्याइतकंच कधीच नसतं. चेंबरमध्ये सोडलेली लूप, पुलाजवळचे वळसे आणि रुंदीकरणात हलवलेला मार्ग, असं सगळं मिळून ओटीडीआरवर १३६ किलोमीटर दिसतंय असं धरू. फायबर जी.६५२, तरंगलांबी १५५०.

आधी पॉवर. किलोमीटरला ०.२२ डेसिबेल धरले तर ३० डेसिबेल, त्यात जोड आणि कनेक्टरचे २, म्हणजे एकूण ३२. सातारच्या टोकाला बूस्टर ॲम्प्लिफायर +१२ डीबीएम सोडतोय. कोल्हापुरात −२० पोचतात. तिथला प्री-ॲम्प्लिफायर ते −१० करून रिसीव्हरला देतो. नॉइजच्या दृष्टीनेही −२० ही प्री-ॲम्प्लिफायरसाठी चांगली इनपुट पातळी आहे. पॉवरच्या खात्यात तक्रारीला जागा नाही.

आता डिस्पर्शन. १३६ × १७ = २३१२ पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर. हा फायबरचा आकडा आहे, त्यावर कोणता डेटा चालतोय याच्याशी त्याचा संबंध नाही. २.५ जीचा सिग्नल सुमारे ०.०२ नॅनोमीटर रुंद असतो, म्हणजे पसरणं ४६ पिकोसेकंद. बिट ४०० पिकोसेकंदांचा. कुणाला पत्ताही लागत नाही. १० जीला रुंदी ०.०८, पसरणं १८५ पिकोसेकंद, आणि बिट १०० पिकोसेकंदांचा. एका बिटच्या कडा पलीकडच्या बिटच्या पोटात शिरल्या.

(हे पसरणं वर्णपटाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतचं आहे. बहुतेक ऊर्जा मधल्या भागात असते, त्यामुळे पसरणं बिटइतकं झालं की लगेच सगळं कोसळतं असं नाही. पण जवळजवळ दुप्पट झाल्यावर आशा करू नका.)

मला या हिशेबातली एक गोष्ट नेहमी गमतीची वाटते. १३६ किलोमीटर जायला प्रकाशाला सुमारे ६६६ मायक्रोसेकंद लागतात. त्या प्रवासात पुढच्या-मागच्या किरणांत पडलेला फरक १८५ पिकोसेकंद, म्हणजे छत्तीस लाखांत एक भाग. एवढ्याशा फरकाने लिंक बसते.

वेग चौपट केला तर अंतर चौथाई व्हायला हवं. ते इतकं जास्त का घटतं?

कारण दोन्ही बाजूंनी मार बसतो. बिट रेट चौपट केला की वर्णपट चौपट रुंद होतो, म्हणून पसरणं चौपट. त्याच वेळी बिटची जागा चौथाई होते. म्हणजे सहनशक्ती सोळा पटींनी घटते. अंतर बिट रेटच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं, ते असं.

चर्प नसलेल्या साध्या एनआरझी सिग्नलसाठी एक जुना ठोकताळा आहे: बिट रेटचा वर्ग (गिगाबिटमध्ये) गुणिले किलोमीटर, हा गुणाकार जी.६५२वर १५५०ला साधारण ६००० आला की एक डेसिबेलचा दंड बसतो. १० जीला भागाकार करा, ६० किलोमीटर. २.५ जीला साडेनऊशेच्या वर. ४० जीला चार किलोमीटरही जेमतेम. म्हणून २.५ जीच्या काळात हा विषय पाठ्यपुस्तकात राहिला, १० जीला तो फील्डवर उतरला, आणि ४० जीला सिग्नल पाठवण्याची पद्धतच बदलावी लागली.

मॉड्यूलवर ८० किलोमीटर लिहिलंय. ॲम्प्लिफायर लावला की १३६ चालायला नको का?

नाही. ८० किलोमीटर ही दोन मर्यादांची मिळून एक पाटी आहे. डेटाशीट उघडा आणि `Dispersion tolerance` किंवा `Dispersion penalty` अशी ओळ शोधा. ८० किलोमीटरच्या १० जी मॉड्यूलला बहुधा १६०० पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर आणि सोबत २ डेसिबेलचा दंड असं दिसेल. १६००ला १७ने भागा, ९४ किलोमीटर. ॲम्प्लिफायरने पॉवरची मर्यादा पुढे ढकलली, ही दुसरी मर्यादा जागच्या जागीच राहिली. उलट २.५ जीच्या मॉड्यूलवरचा किलोमीटरचा आकडा जवळजवळ नेहमी पॉवरचाच असतो. तिथे ॲम्प्लिफायर लावून अंतर वाढतं, आणि तीच सवय पुढे नडते.

वरच्या ठोकताळ्यात १० जीला ६० किलोमीटर आलं. मग मॉड्यूल ८० कसं जातं?

थोडं २ डेसिबेलचा दंड मान्य करून, आणि थोडं चर्पचा उपयोग करून.

लेसरचा करंट थेट चालू-बंद केला, की प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर त्याची तरंगलांबीही हलते. यालाच चर्प म्हणतात. पल्सचा पुढचा काठ आखूड तरंगलांबीकडे सरकतो आणि मागचा लांब तरंगलांबीकडे. १५५०ला आखूड पुढे पळते आणि लांब मागे राहते, म्हणजे जो आधीच पुढे आहे तो आणखी पुढे जातो. पल्स दुप्पट घाईने फाटतो. म्हणून १० जीला लांब अंतरावर थेट मॉड्युलेट केलेला लेसर चालत नाही.

आता लेसर सतत चालू ठेवला आणि बाहेरच्या मॉड्युलेटरने डेटा चढवला, तर चर्प जवळजवळ शून्य करता येतो, किंवा मुद्दाम उलटा देता येतो. उलटा दिला की पल्स सुरुवातीच्या काही किलोमीटरांत आवळतो आणि मग पसरू लागतो. ६०चे ८० होतात ते या उधारीवर.

डिस्पर्शनच आहे हे ओळखायचं कसं? ओटीडीआर तर सगळं ठीक दाखवतो.

साधा ओटीडीआर लॉस आणि परावर्तन दाखवतो, डिस्पर्शन नाही. त्याचा हिरवा शेरा या बाबतीत निरुपयोगी आहे.

पहिली खूण म्हणजे पॉवर बदलली तरी एरर हलत नाहीत. पॉवर कमी पडत असेल, तर दोन डेसिबेल वाढवल्यावर एरर झपाट्याने घटतात. डिस्पर्शन असेल तर त्या एका पातळीवर येऊन अडतात, आणि कितीही वाढवा, खाली जात नाहीत. आय पॅटर्न बघायची सोय असेल तर डोळा कडांकडून मिटत आलेला दिसतो आणि ‘एक’ची रेघ एक न राहता तिच्या दोन-तीन होतात, कारण शेजारी कोणता बिट होता त्यावर पातळी बदलते.

पण मला सगळ्यात भरवशाची वाटते ती एक साधी चाचणी. लाइनवरचं फायबर काढा आणि त्याच्या जागी तेवढ्याच लॉसचा ॲटेन्युएटर लावा. आपल्या उदाहरणात ३२ डेसिबेल. बाकी सगळं तसंच: तेच मॉड्यूल, तेच ॲम्प्लिफायर, तीच पॉवर. लिंक स्वच्छ चालली तर उपकरणं निर्दोष आहेत आणि पॉवरही पुरेशी आहे. जे बदललं ते फक्त अंतर. यात एकच जपायचं: ॲटेन्युएटर विसरून पॅच कॉर्ड सरळ जोडू नका. या मॉड्यूलमधला एपीडी रिसीव्हर साधारण −७ डीबीएमच्या वर घेत नाही, आणि बूस्टरसमोर तो क्षणात जळतो.

ही चाचणी झाल्यावर फायबरचा प्रकार तपासा. केबलवर छापलेलं वाचा किंवा डिस्पर्शन मीटर लावा. तिथे जी.६५५ निघालं तर आकडा १७ नव्हे, ४च्या आसपास असतो. १३६ किलोमीटरला साडेपाचशेच होतात आणि संशयित निर्दोष सुटतो. नकाशावर जी.६५२ लिहिलंय म्हणून जमिनीत तेच असेल असं समजू नका. तुटलेल्या जागी हाताला लागेल ती केबल घातलेली पाहिली आहे.

उपाय काय?

१० जीसाठी पारंपरिक उपाय म्हणजे डीसीएम, डिस्पर्शन भरून काढणारं मॉड्यूल. रॅकमधली एक पेटी, आत उलट्या डिस्पर्शनच्या फायबरचं रीळ. आपल्या फायबरचं +१७, तर याचं −८५च्या आसपास. लाइनमध्ये मागे राहिलेली तरंगलांबी इथे पुढे पळते आणि पल्स परत आवळतो.

सातारा–कोल्हापूरला ८० किलोमीटरचा डीसीएम लावला, तर २३१२ − १३६० = ९५२ उरतात. १६००च्या आत, हातात चांगली शिल्लक. १२० किलोमीटरचा लावला तर २७२ उरतात, तेही चालतं, पण त्याचा लॉस जास्त. शून्यावर आणायचा हट्ट नको, आणि शून्याच्या खाली तर मुळीच नको. उलटा चर्प असलेल्या ट्रान्समीटरला थोडं धन डिस्पर्शन मानवतं, ऋण बाजूला त्याची सहनशक्ती फार कमी असते. जास्त भरपाई करून लिंक बिघडवणारे कमी नाहीत.

पेटी कुठे लावता, यालाही महत्त्व आहे. ८० किलोमीटरच्या डीसीएमचा लॉस ७ डेसिबेलच्या आसपास धरा. तो कोल्हापुरात प्री-ॲम्प्लिफायरच्या आधी लावला तर −२०चे −२७ होतात आणि नॉइज वाढतो. सातारला बूस्टरच्या नंतर लावला तर लाइनमध्ये +१२ऐवजी +५च जातात, शिवाय त्या बारीक कोअरच्या फायबरमध्ये जास्त पॉवर कोंबल्याने नॉनलिनियर त्रास सुरू होतो. बूस्टरच्या आधी लावा. ट्रान्समीटरचे +१ डीबीएम डीसीएममधून −६ होऊन बूस्टरला मिळतात, त्याला तेवढे पुरतात, आणि लाइनमध्ये पूर्वीसारखेच +१२ जातात. पण त्या दिशेचा डीसीएम त्या दिशेपुरताच. कोल्हापूरहून साताऱ्याकडे येणाऱ्या फायबरला वेगळा लागतो. एकच मागवल्यामुळे अर्धी लिंक चालू आणि अर्धी बंद, असा प्रसंग ऐकायला विनोदी वाटतो, मध्यरात्रीच्या कामात वाटत नाही.

डीसीएम लावल्यावर पिंग वाढला. साहजिक आहे का?

हो. आतल्या रिळात खरंच सुमारे १६ किलोमीटर फायबर असतं. प्रकाशाला ते पार करायला एका दिशेला ८० मायक्रोसेकंद लागतात. बहुतेकांना फरक पडत नाही. शेअर बाजाराच्या लिंकवाल्यांना पडतो. त्यांच्यासाठी फायबर ब्रॅग ग्रेटिंगचे डीसीएम मिळतात, त्यात रीळच नसतं.

१३१०लाच चालवलं तर हा प्रश्नच येणार नाही, नाही का?

डिस्पर्शनचा येणार नाही, लॉसचा येईल. १३१०ला किलोमीटरला ०.३५ डेसिबेल. १३६ किलोमीटरला ४७ डेसिबेलच्या वर जातात, आणि नेहमीचा एर्बियमचा ॲम्प्लिफायर १५५०च्या पट्ट्यातच चालतो. शहरातल्या १० किलोमीटरच्या लिंकला मात्र १३१०च घ्या, स्वस्तात काम होतं.

मग शून्य डिस्पर्शन १५५०ला आणणारं फायबर का नाही टाकलं?

टाकलं. त्याला जी.६५३ म्हणतात, जपानमध्ये ते मोठ्या प्रमाणावर गेलं. एका चॅनेलला उत्तम. पण एकाच फायबरवर अनेक तरंगलांब्या चालवायची वेळ आली तेव्हा ते अंगाशी आलं. डिस्पर्शन शून्य असलं की शेजारची चॅनेल बरोबरीने चालत राहतात, त्यांच्यात फोर-वेव्ह मिक्सिंग होतं आणि नको तिथे नवे सिग्नल उगवतात. थोडं डिस्पर्शन त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतं. जी.६५५चा ४ हा आकडा त्या तडजोडीतून आला.

आमची लिंक उन्हाळ्यात जास्त बिघडते. तापमानाने डिस्पर्शन वाढतं का?

बदलतं, पण नगण्य. १३६ किलोमीटरच्या या लिंकवर तीस अंशांच्या फरकाने दहा पिकोसेकंद प्रति नॅनोमीटरही हलत नाहीत, आणि जमिनीखालच्या केबलला तीस अंशांचा फरक सोसावाच लागत नाही. एसी बंद पडलेली खोली, तापलेलं मॉड्यूल, जॉइंट क्लोजरमध्ये वाकलेलं फायबर, आधी हे पाहा.

घरच्या फायबर कनेक्शनला याचा त्रास होतो का?

नाही. जीपॉनचा डाउनलोड १४९० नॅनोमीटरला २.५ जीने येतो. अंतर २० किलोमीटरच्या आत, डिस्पर्शन तिथे १३च्या आसपास, म्हणजे एकूण २६०. १० जीचा एक्सजीएस-पॉन १५७७ला येतो, तिथे १८ धरले तरी ३६०. नेट हळू असेल तर कारण दुसरं आहे, बहुधा वायफाय.

१०० जीला तर वर्गाच्या नियमाने काहीच चालायला नको. मग हजारो किलोमीटर कसं जातं?

साधा फोटोडायोड प्रकाशाची फक्त तीव्रता मोजतो, फेज फेकून देतो. एकदा फेज गेली की पल्स कसा पसरला हे मागे जाऊन उलगडता येत नाही. कोहेरंट रिसीव्हर आपल्या जवळच्या लेसरशी आलेला प्रकाश मिसळतो आणि फेजसकट सगळं मिळवतो. क्रोमॅटिक डिस्पर्शनमध्ये माहिती नष्ट होत नाही, फक्त वेळेत विस्कटते, त्यामुळे चिपमधला डिजिटल फिल्टर ती परत जुळवतो. शिवाय १०० जी दोन ध्रुवीकरणांवर आणि प्रत्येक सिंबॉलला दोन बिट असं पाठवतात, त्यामुळे लाइनवरचा खरा वेग ३० गिगाबॉडच्या आसपासच असतो. अशा मॉड्यूलला २३१२ म्हणजे किरकोळ. २००० किलोमीटरचे ३४,००० सुद्धा लांब पल्ल्याची मॉड्यूल पचवतात.

म्हणून जुन्या १० जी लिंकवर कोहेरंट टाकणार असाल आणि तीवर दुसरं काही चालणार नसेल, तर डीसीएम काढून टाका. ७ डेसिबेल वाचतात आणि ८० मायक्रोसेकंदही. बूस्टरचं इनपुट मात्र परत सेट करा, कारण डीसीएम गेल्यावर तिथे −६ऐवजी +१ येतं, आणि अलार्मचा पहिला फोन तेवढ्यावरूनच येतो.